पाकिटातल्या पैशांचं पुढे काय झालं?

लग्न पार पडून पाहुण्यांच्या शेवटच्या गाड्या निघाल्या की बहुतेक मराठी घरांत एक काम ठरलेलं असतं. पिशवीत जपून ठेवलेली पाकिटं चादरीवर ओतली जातात. एकजण पाकीट फोडतो, दुसरा नोटा मोजतो, तिसरा वहीत लिहीत जातो: नाव, गाव, आकडा. ५०१, १००१, २१०१. शेवटचा एक रुपया बहुतेक वेळा पाकिटावरच चिकटवलेला असतो. ही वही पुढे वर्षानुवर्षं कपाटात राहते. त्या पाहुण्यांच्या घरी कार्य निघालं की ती बाहेर येते, त्यांनी काय दिलं होतं ते पाहिलं जातं आणि त्यात थोडी भर घालून आपलं पाकीट तयार होतं.

आहेराचा हिशेब असा चोख राहतो. देणाऱ्याला मात्र मधल्या काळात काहीच कळत नाही. कुणी पितळेची समई दिली तर ती घरात आल्यावर दिसते, साडी दिली तर कधीतरी नेसलेली दिसते. पैसा तसा दिसत नाही. स्टेजवर रांगेतून पुढे सरकताना आत्याने नवरीच्या हातात पाकीट दिलं, नवरीने ते शेजारी उभ्या असलेल्या बहिणीकडे दिलं, बहिणीने पिशवीत टाकलं. आत्याच्या बाजूने तो प्रसंग तिथेच संपला. पाकीट पोहोचलं का, कोणाच्या हातात पडलं, त्याचं काय झालं, हे विचारायची पद्धत नाही आणि सांगायचीही फारशी नाही.

लग्नानंतर नातेवाइकाला चार ओळी लिहायच्या त्या ही जागा भरण्यासाठी. त्या लिहायला बसलं की पेन अडतं, आणि त्याला कारण आहे. मराठी घरांत रक्ताच्या नात्यात आभार मानले तर ते परकेपणाचं वाटतं. ‘मामाला कसलं थँक्यू?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यातच विषय पैशांचा. आकडा लिहावा तर पावती फाडल्यासारखं दिसतं, न लिहावा तर मजकूर इतका गुळगुळीत होतो की तो दोनशे जणांना पाठवलेल्यांपैकी एक वाटतो. मग नवदांपत्य सोपी वाट धरतं. फुलांच्या चौकटीत आपला फोटो आणि ‘आपल्या उपस्थितीने सोहळ्याची शोभा वाढली’ असं छापलेलं चित्र व्हॉट्सॲपवर सगळ्यांना जातं. सार्वजनिक निरोप म्हणून त्यात काही वावगं नाही. पण पेन्शनमधून पाच हजार बाजूला काढणाऱ्या आत्याला त्यातून काहीच मिळत नाही.

यातून निघायचा रस्ता साधा आहे. पत्राचा विषय ‘आभार’ न ठेवता ‘खबर’ ठेवायचा. पैसे कुठे लागले, हे सांगायचं. मराठी नात्यांत आभारांची सवय नसेल, पण खुशाली कळवण्याची आहे, आणि पैसे कशाला उपयोगी पडले ही खुशालीच आहे.

अमेरिकेत ही प्रथा वेगळ्या वाटेने रुजली. १९२२ साली तिथे एमिली पोस्ट यांचं ‘एटिकेट’ हे पुस्तक आलं. लग्नाच्या प्रत्येक भेटीसाठी वधूने स्वतः, स्वतःच्या हाताने पत्र लिहावं, ही अपेक्षा त्यात ठामपणे मांडलेली होती. त्यांच्या नावाने चालणारी संस्था आजही तीन महिन्यांच्या आत पत्र पोहोचावं असा सल्ला देते. पैशांच्या भेटीत आकडा लिहावा की नाही यावर तिथेही एकमत नाही. पैसे कशासाठी वापरणार ते मात्र लिहावं, असं जवळजवळ सगळेच सांगतात. तिकडे राहणारी मराठी मुलं लग्नासाठी भारतात येतात, परत जातात आणि तिथल्या पद्धतीने छापील इंग्रजी कार्डं पाठवतात. सातारच्या काकूंच्या हातात ते कार्ड पडतं तेव्हा त्यांना सही तेवढी ओळखीची वाटते. प्रथा चांगलीच आहे, फक्त ती आपल्या बोलण्यात उतरायला हवी.

ती कशी उतरते हे पाहण्यासाठी एक कल्पित, पण नेहमीचं उदाहरण घेऊ. लग्न फेब्रुवारीत झालं. मुलगी आणि जावई पुण्यात भाड्याच्या घरात राहतात. मुलीची आत्या निवृत्त शिक्षिका, सांगलीजवळच्या गावात एकटी राहते. ती लग्नाच्या आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. पाकिटात ५००१ रुपये निघाले. पहिल्या प्रयत्नात मुलीने असं लिहिलं:

‘आदरणीय आत्या, आमच्या विवाहप्रसंगी आपण दिलेल्या रु. ५००१ च्या अमूल्य भेटीबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. आपले आशीर्वाद सदैव आमच्या पाठीशी राहोत.’

व्याकरणात चूक नाही, शब्दही आदराचे आहेत. तरी हे पत्र वाचून आत्याला बँकेचं पत्र आल्यासारखं वाटेल. ज्या आत्याला ही मुलगी जन्मापासून ‘अगं’ म्हणते, तिला इथे ‘आपण’ म्हटलं आहे. ज्या पैशांना ‘अमूल्य’ म्हटलं आहे, त्यांचं मूल्य दोन शब्द आधी आकड्यात दिलं आहे. आणि हेच पत्र नाव आणि आकडा बदलून कोणालाही पाठवता येईल. शेवटची कसोटी सगळ्यात उपयोगी. मायना झाकून पत्र वाचलं आणि ते कोणाला लिहिलंय हे ओळखता आलं नाही, तर ते पुन्हा लिहावं.

दुसऱ्या प्रयत्नात मुलगी दुसऱ्या टोकाला गेली:

‘अगं आत्या, एवढे पैसे कशाला दिलेस? तुझी पेन्शन ती केवढी! तू आलीस हेच खूप होतं. आम्हाला खरंच काही नको होतं.’

यात माया आहे, बोलणंही घरातलं आहे. समोरासमोर हसत, हात धरून हे म्हटलं असतं तर चाललंही असतं. कागदावर मात्र आवाज नसतो, चेहरा दिसत नाही. ‘एवढे’ म्हटलं की रकमेचं माप काढलं जातं. पेन्शनचा उल्लेख आला की देणाऱ्याची ऐपत चर्चेला येते. ‘काही नको होतं’ हे वाचून आत्याच्या मनात येईल की आपलं देणं त्यांना ओझं वाटलं. आत्याने महिनाभर विचार करून रक्कम ठरवली असेल, बँकेत जाऊन कोऱ्या नोटा आणल्या असतील. त्या देण्यात तिचा मान होता. तो जसाच्या तसा स्वीकारणं हे घेणाऱ्याचं काम आहे.

तिसऱ्या वेळी मुलीने लिहायला बसण्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचारल्या. या पैशांचं खरंच काय झालं? आणि लग्नाच्या दिवसांत आत्याने केलेली कोणती गोष्ट फक्त तिचीच होती? मग पत्र असं उतरलं:

‘अगं आत्या, परवा आमच्याकडे मिक्सर आला. तुझ्या पाकिटातून घेतला. पहिल्यांदा त्यात शेंगदाण्याचा कूट केला, तू करतेस तसा जाडसर. तुझ्या जावयांना तो इतका आवडला की आठवड्यात दोनदा साबुदाण्याची खिचडी झाली. तू आदल्या दिवशीच आलीस आणि हळदीच्या गडबडीत आईच्या हातातलं ताट काढून घेऊन तिला जेवायला बसवलंस, ते मी बघत होते. आई अजून ते सांगते. फार बरं वाटलं तू होतीस म्हणून. श्रावणात मंगळागौर करायची आहे, तेव्हा राहायलाच ये. गुडघ्याला जप. तुझी,’

खाली घरात हाक मारतात ते नाव. जावयाने त्याच्या अक्षरात एक ओळ लिहिली: ‘आत्या, पुढच्या वेळी कूट तुमच्या देखरेखीखाली करू.’

यात रकमेचा आकडा नाही, तरी आत्याला कळलं की पाकीट पोहोचलं, उघडलं गेलं आणि ते तिचंच होतं हे लक्षात राहिलं. मिक्सर ही तिच्या डोळ्यांसमोर उभी राहणारी वस्तू आहे. हळदीचा प्रसंग दुसऱ्या कोणाच्या पत्रात येऊ शकत नाही. आणि मंगळागौरीचं बोलावणं आल्यामुळे पत्र पैशांवर संपत नाही, ते नात्यावर जाऊन थांबतं. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वस्तू, मग माणूस, मग पुढची भेट. पैशांचा उल्लेख सुरुवातीलाच एका वाक्यात उरकला की पुढचं सगळं मोकळेपणाने लिहिता येतं. तो शेवटासाठी ठेवला तर आधीची खुशाली केवळ प्रस्तावना वाटू लागते.

वस्तू निवडताना मात्र खरेपणा सांभाळावा लागतो. हजार रुपये देणाऱ्या काकांना ‘तुमच्या पैशांतून फ्रिज घेतला’ असं लिहिलं तर काकांना फ्रिजची किंमत माहीत असते. ‘फ्रिज घेतला, त्याला तुमचाही हातभार लागला’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. पैसे अजून खर्च झाले नसतील तर तसं लिहावं: ‘तुम्ही दिलेलं बाजूला ठेवलं आहे, पाडव्याला देवघर घ्यायचा विचार आहे.’ आणि पाडव्याला देवघर आलं की त्याचा फोटो पाठवावा.

यात एक अडचण मराठी लग्नांत हमखास येते. पुष्कळ घरांत पाकिटं नवरा-नवरीकडे जातच नाहीत. मुलीकडच्या पाहुण्यांचा आहेर मुलीच्या आईवडिलांकडे आणि मुलाकडच्यांचा मुलाच्या घरी राहतो. त्यातून मांडववाल्याची, केटररची, कार्यालयाची उरलेली बिलं भागवली जातात. हे रास्तही आहे, कारण उद्या त्या पाहुण्यांच्या घरी परतीचं पाकीट घेऊन जाणारे आईवडीलच असतात. अशा वेळी मुलीने ‘तुमच्या पैशांतून कुकर घेतला’ असं लिहिलं आणि पाहुण्यांनी तिच्या आईला फोन करून ‘कुकर कुठला घेतला?’ असं विचारलं, तर आईची पंचाईत होते. म्हणून लिहिण्याआधी आईवडिलांना विचारावं आणि जे झालं त्यालाच धरून लिहावं. ‘बाबांनी वही दाखवली, त्यात तुमचं नाव वाचलं. कार्य नीट पार पडलं त्यात तुमचा हात आहे, असं बाबा म्हणत होते.’ काका-मामांच्या पिढीला कार्य पार पाडण्यातला हा वाटा नेमका कळतो. अनेकांनी पाकीट दिलेलंच असतं ते कार्याला मदत व्हावी म्हणून.

जुन्या पत्रलेखनाने या कामासाठी काही सोयी करून ठेवल्या आहेत. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, काका, मामा, आत्या अशा वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, पुढे ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. सत्तरी पार केलेल्या नातेवाइकाला हा मायना दिसला की पत्र मान ठेवून लिहिलंय हे पहिल्याच ओळीत पोहोचतं. तेवढं झालं की खालचा मजकूर अगदी बोलल्यासारखा लिहिता येतो. मायना आदराचा आणि मजकूर घरगुती, ही जोडी जुन्या पत्रांत सर्रास दिसते. ज्यांच्या घरात अशी पत्रं कधी आलीच नाहीत, त्यांनी ओढूनताणून मायना लिहिण्यापेक्षा नुसतं ‘मामा, नमस्कार’ म्हणावं.

तू की तुम्ही, हा प्रश्न बोलण्यातच सुटलेला असतो. आत्या, मावशी, आजी यांना बहुतेक घरांत ‘तू’, काकांना ‘तुम्ही’, मामाला कुठे ‘तू’ तर कुठे ‘तुम्ही’. तोंडात जे आहे तेच कागदावर यावं. सासरच्या माणसांना लिहिताना गोष्ट जरा नाजूक होते. सुनेने नवऱ्याच्या मावशीला लग्नात एकदाच पाहिलेलं असतं. तिच्याबद्दल लिहायला आठवण नसते आणि ‘मावशी, तुमची खूप आठवण येते’ हे खोटं असतं. अशा वेळी मूळ पत्र नवऱ्याने लिहावं, कारण आठवणी त्याच्याकडे आहेत, आणि सुनेने दोन खऱ्या ओळी जोडाव्यात. ‘हे लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायचे, ते अंगण मला बघायचं आहे’ एवढं पुरतं. आपल्याकडे पाहुण्यांना लिहायचं-बोलायचं काम आपसूक सुनेच्या अंगावर टाकलं जातं. ते दोघांचं काम आहे. मावशीलाही भाच्याच्या हातचं पत्र आलं तर जास्तच आनंद होईल.

पाकिटावर ‘श्री. व सौ.’ असेल तर पत्रही दोघांना जावं. काकांच्या नावाने पाकीट आलं तरी रक्कम ठरवण्यात काकूंचा विचार असतोच, हे विसरू नये.

आकडा टाळण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते शिष्टाचारापलीकडचं आहे. नातेवाईक पत्रं आणि निरोप एकमेकांना दाखवतात. दोन मामांपैकी थोरल्याने ११,००० दिले, धाकट्याने ५०१. धाकट्याचं गेल्या वर्षी सोयाबीन पावसात गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. थोरल्याला पानभर पत्र आणि धाकट्याला दोन ओळी गेल्या, तर त्या लांबीतच आकडा वाचला जातो. दोन्ही पत्रं सारख्याच लांबीची असावीत. धाकट्या मामाने मुलीला बोहल्यापर्यंत आणलं असेल, अंतरपाटाआड तिच्या पाठीशी उभा राहिला असेल, तर त्याच्या पत्रात लिहिण्यासारखं थोरल्यापेक्षा जास्तच आहे. ‘उदार’, ‘भरघोस’, ‘मोठी भेट’ असे शब्द कोणालाच लिहू नयेत. एकाला लिहिले की दुसऱ्याच्या पत्रातली त्यांची उणीव दिसते. याच कारणाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकट्याचं नाव घेऊन पैशांबद्दल बोलू नये. ग्रुपवर सगळ्यांसाठी एक निरोप टाकावा आणि ज्याचं त्याला वेगळं लिहावं.

हल्ली पुष्कळ पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं. तरीही जवळची माणसं पाकीट देतातच. ती सूचना आपल्यासाठी नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. तिथे पत्रात ‘आम्ही नको म्हटलं होतं तरी तुम्ही दिलंत’ असं लिहायचा मोह होतो. वाचणाऱ्याला त्यात नियम मोडल्याची तक्रार ऐकू येते. पत्रिकेचा विषयच काढू नये. ठेवून घेतलं आहे ना, मग ते प्रेमाने ठेवून घेतल्याचंच लिहावं. ज्यांनी ठरवून सगळी पाकिटं परत केली त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना पाकिटासोबत देणाऱ्याला न दुखावणारी चिठ्ठी जोडावी लागते, आणि ते काम पत्राने न करता घरी जाऊन केलेलं बरं.

क्वचित एखादं पाकीट रिकामं निघतं. वर नाव आहे, आत काही नाही. गडबडीत नोटा घालायच्या राहिल्या, दुसऱ्याच पाकिटात गेल्या किंवा मध्येच कुठे गहाळ झाल्या. देणाऱ्याला हे कळवू नये, कारण त्याला शरमेशिवाय काही मिळणार नाही. त्याला पत्र मात्र जरूर जावं, त्याच्या येण्याबद्दल आणि आशीर्वादाबद्दल, पैशांचा शब्दही न काढता. त्याने स्वतःहून विचारलं तर खरं सांगावं. याच्या उलट, दुसऱ्याच्या हाती पाठवलेलं पाकीट किंवा थेट खात्यावर पाठवलेले पैसे यांची पोच लगेच द्यावी लागते, कारण पाठवणारा वाट पाहत असतो. ‘मामा, पाकीट मिळालं’ किंवा ‘पैसे जमा झाले’ हा निरोप त्याच दिवशी जावा. विचारलं तर आकडाही फोनवर सांगावा. हे काम व्यवहाराचं आहे आणि ते व्यवहाराच्या भाषेतच व्हावं. पत्र नंतर जातं. घोटाळा होतो तो या दोन्हींची एकच चिठ्ठी करायला गेलं की.

मोठ्या रकमेला हाच भेद आणखी काटेकोरपणे पाळावा लागतो. समजा, मामाने भाचीला घराच्या डिपॉझिटसाठी दीड लाखाचा चेक दिला. लग्नानिमित्त वधू-वराला मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर लागत नाही, देणारा नातेवाईक असो वा मित्र. ही सवलत लग्न झालेल्या दोघांसाठी असते, त्यांच्या आईवडिलांना मिळालेल्या भेटींसाठी नाही. रोख रकमेचा नियम मात्र कडक आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका प्रसंगानिमित्त एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे अशी भेट चेकने किंवा खात्यावरच घ्यावी. तिची नोंद एका वेगळ्या कागदावर करावी: देणाऱ्याचं नाव आणि नातं, तारीख, चेकचा क्रमांक, रक्कम, ‘लग्नानिमित्त भेट’ असे शब्द आणि दोघांच्या सह्या. सोबत लग्नपत्रिकेची एक प्रत ठेवावी. पुढे कधी खात्यात पैसे कुठून आले असं विचारलं गेलं तर हा कागद कामाला येतो.

हा कागद झाला की मामाच्या पत्रातून सगळी आकडेमोड निघून जाते. तिथे लिहायचं ते असं: ‘मामा, सिंहगड रोडला घर मिळालं. तिसरा मजला आहे आणि स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. किल्ली हातात आली तेव्हा तुझीच आठवण आली. तू पिवळ्या साडीची घडी माझ्या हातात देताना काही बोलला नव्हतास, पण तुझे डोळे मी पाहिले. पहिला चहा तुझ्या बहिणीने केला. आता तू कधी येतोस ते सांग.’ डिपॉझिट हा शब्द इथे कुठेही नाही. किल्लीत तो आलाच.

भेट मोठी असली की लिहिणाऱ्याला ऋणाची भाषा सुचते: ‘तुमचे उपकार कधी फिटणार नाहीत’, ‘आयुष्यभर ऋणी राहू’. ते खरं वाटत असलं तरी मामाला हे वाचताना संकोच होतो. भाचीला दिलेलं त्याने कर्ज मानलेलं नसतं. घराची हकीकत जितकी तपशिलात येईल तितकी ऋणाच्या वाक्यांची गरज उरत नाही.

उशिराचं काय? लग्नाच्या दुसऱ्याच दिवसापासून सत्यनारायण, कुलदैवताला जाणं, मग कामावर हजर होणं, यात पहिला महिना सहज निघून जातो. जवळच्या दहा-बारा जणांची पत्रं पहिल्या महिन्यात लिहिली तर बाकीची सावकाश झाली तरी चालतात. सुरुवात वयाने सर्वांत मोठ्या आणि लग्नाला येऊ न शकलेल्या माणसांपासून करावी. वहीची एक प्रत काढून ज्यांना पत्र गेलं त्यांच्या नावापुढे खूण करत जावं. नाहीतर एकाच काकांना दोनदा आणि दुसऱ्यांना एकदाही नाही, असं होतं. सहा महिने उलटून गेले असतील तर उशिराबद्दल लांबण लावू नये. देणारा तारखा मोजत नसतो, आणि क्षमेने सुरू झालेल्या पत्रात तो स्वतः मागे पडतो. त्यापेक्षा आपल्याकडच्या पहिल्या वर्षाचे सण हाताशी आहेत. मंगळागौर, दिवाळसण, हलव्याच्या दागिन्यांची संक्रांत यांपैकी कशाच्याही निमित्ताने लिहिलं की उशीर आपोआप झाकला जातो. संक्रांतीला तिळगुळासोबत चिठ्ठी जाते, आणि तीत एवढं असलं तरी काकूंना पुरतं: ‘तुम्ही दिलेल्या पैशांतून तवा आणि पोळपाट घेतला, आज त्याच्यावर पहिल्या गुळपोळ्या झाल्या. दोन फुटल्या, बाकीच्या जमल्या.’

काकू फोन करतीलच. ‘अगं, हे कशाला लिहीत बसलीस?’ असं म्हणतील. त्यावर ‘नाही नाही, लिहायलाच हवं होतं’ अशी समजूत घालत बसू नये. गूळ किती घातला होतास, पीठ सैल झालं होतं का, हे त्या पुढे विचारतील, तिकडे बोलणं वळू द्यावं.